९१ चे अवयव आणि बाक्यांचे चक्र: शोरचा अल्गोरिदम नेमके काय शोधतो?

९१ ही संख्या मूळ आहे असे पुष्कळांना शाळेत वाटलेले असते. दोनाने, तीनाने, पाचाने भाग जात नाही, आणि साताचा पाढा सत्तरीपुढे कोणी म्हणत नाही. पण ती मूळ नाही. तिचे अवयव पाढे न वापरता, भागून न पाहता, एका वेगळ्याच वाटेने सापडतात.

एक छोटी संख्या निवडू, समजा ३. तिला पुन्हा पुन्हा ३ ने गुणत जायचे आणि प्रत्येक वेळी ९१ ने भागून फक्त बाकी ठेवायची. बाक्या येतात ३, ९, २७, ८१, ६१, १. एकावर आलो की पुढे पुन्हा ३, ९, २७ असेच चक्र सुरू होते. सहा पायऱ्यांनी १ आला, म्हणून या चक्राची लांबी, म्हणजेच आवर्तन, ६.

या सहाचा अवयवांशी काय संबंध? ३ च्या सहाव्या घाताला ९१ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे त्या घातातून १ वजा केला तर ९१ ने पूर्ण भाग जातो. सहा ही सम संख्या असल्याने तो घात म्हणजे २७ चा वर्ग. आता शाळेतले वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावले की २७² − १ = (२७ − १) × (२७ + १) = २६ × २८ = ७२८, म्हणजे ९१ च्या आठपट. गंमत इथे आहे. २६ × २८ ला ९१ ने भाग जातो, पण एकट्या २६ ला किंवा एकट्या २८ ला जात नाही. मग ९१ चे तुकडे या दोघांत वाटले गेलेले असणारच. ते बाहेर काढायला मसावि पुरतो. ९१ ला २६ ने भागले की बाकी १३, आणि १३ ने २६ ला पूर्ण भाग जातो. एक अवयव १३. तसाच २८ आणि ९१ चा मसावि ७.

दर वेळी इतके सरळ जात नाही. ३ ऐवजी १६ घेतला तर बाक्या १६, ७४, १ अशा येतात. आवर्तन ३, विषम, त्यामुळे त्याचे दोन समान भाग होत नाहीत. १० घेतला तर १०, ९, ९०, असे करत सहाव्या पायरीला १ येतो. आवर्तन सम आहे, पण अर्ध्या वाटेवरची बाकी ९०. तिच्यात १ मिळवला की ९१, म्हणजे सगळी संख्या एकाच कंसात गेली आणि दुसऱ्या कंसातल्या ८९ मध्ये ९१ चा कोणताच अवयव नाही. अशा वेळी दुसरी संख्या निवडायची. किमान दोन वेगळे मूळ अवयव असलेल्या विषम संख्येसाठी, तिच्याशी सामाईक अवयव नसलेली संख्या चिठ्ठी टाकून निवडली, तर काम होण्याची शक्यता निम्म्याहून कमी कधीच नसते. त्यामुळे चार-दोन प्रयत्नांत बहुधा भागते.

हा सगळा भाग साध्या संगणकाला सहज जमतो, आणि तो जुनाही आहे. गॅरी मिलर यांनी १९७६ मध्येच हा संबंध वापरला होता. अडते ते आवर्तन मोजताना. सहाशे अंकी संख्येचे चक्रही साधारण तितकेच अवाढव्य असू शकते, आणि एकेक पायरी चालत ते कधीच संपणार नाही. बेल लॅब्जमधले पीटर शोर यांनी १९९४ मध्ये नेमकी हीच एक पायरी क्वांटम संगणकाकडे सोपवली. हा संगणक सगळे भाजक एकदम वापरून पाहतो असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. तो भागाकार करतच नाही, चक्राची लांबी सुचवतो.

ती कशी हे ९१ वरच पाहू. इथे ० ते १६३८३ अशा घातांकांवर एकदम काम होते. घातांक सहाने वाढला की बाकी तीच येते, आणि हा ताल क्वांटम फुरिए रूपांतर ठळक करते. शेवटी मोजमापात एकच संख्या हाती येते, पण ती बहुधा १६३८४ च्या सहाव्या भागाच्या कुठल्यातरी पटीजवळ असते. समजा १३६५३ आली. १३६५३ भागिले १६३८४ म्हणजे जवळजवळ ०.८३३३. याच्या जवळचा, लहान छेदाचा अपूर्णांक ५/६, आणि छेदात आवर्तन.

५४६१ आली असती तर अपूर्णांक १/३ निघाला असता, कारण २/६ चे संक्षिप्त रूप तेच. मग आवर्तन ३ वाटले असते. ही फसगत मात्र लगेच कळते: ३ च्या तिसऱ्या घाताची बाकी २७ आहे, १ नाही. अशा वेळी छेदाच्या पटी तपासायच्या, नाहीतर मोजमाप पुन्हा करायचे. शेवटी हाती आलेले अवयव बरोबर आहेत का, हे ७ × १३ असा एक गुणाकार करून पाहता येते.