पाऊल आधी टाचेवर पडतं की चवड्यावर?

माझ्या मावसभावाने बेचाळिसाव्या वर्षी पळायला सुरुवात केली आणि दुकानातून पातळ, सपाट तळाचे बूट आणले. अनवाणी पळल्यासारखं वाटेल, असं त्याला तिथे सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि सकाळी अंथरुणातून उठलं की टाचेमागची शीर ठणकू लागली.

आम्ही त्याचं पळणं फोनवर टिपलं. फोन गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने धरलेला, स्लो मोशन चालू. दहा मिनिटं पळून झाल्यावरच टिपायला घेतलं, कारण कॅमेरा दिसला की सुरुवातीला माणूस ऐटीत पळतो. पाऊल जमिनीला टेकतं तो क्षण थांबवून पाहिला, तर टाच आधी टेकत होती. बूट घालून पळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं आणि तो दोष नाही. जुन्या बुटाची झीज पाहून मात्र निष्कर्ष काढू नका. चालताना सगळेच टाच आधी टेकवतात, त्यामुळे टाचेची बाहेरची कड बहुतेकांची झिजतेच.

आता बुटाचा ‘ड्रॉप’, म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक. तो दहा मिलिमीटरच्या आसपास असला की पोटरीवरचा ताण हलका होतो, गुडघ्यावरचा थोडा वाढतो. शून्य ते चार असला की उलट. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या आखडलेल्या पोटऱ्यांना सपाट बूट एकदम झेपत नाही. म्हणून टाच आधी टेकवणाऱ्या नवख्याने आठ ते दहापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. चवड्यावर उतरणाऱ्याला चार ते आठ चालतं, पण त्याने चवड्याखाली पुरेसा फोम आहे ना, ते पाहावं. बुटासाठी पाऊल टाकण्याची पद्धत मात्र बदलू नये.

कुशनबाबत एक गल्लत नेहमी होते. जाड म्हणजे मऊ नव्हे. जाड फोम घट्ट असू शकतो आणि पातळ फोम लिबलिबीत. दुकानात बूट घालून एका पायावर उभं राहा. घोटा डुगडुगला, तर तो फोम तुमच्यासाठी फार मऊ आहे. भावाचं वजन ऐंशी किलो. अतिमऊ फोम त्याच्याखाली पार दबत होता, म्हणून त्याने जाड पण मध्यम घट्ट असा निवडला, ड्रॉप दहाचा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालून आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. दुकानातच थोडं पळून पाहिलं, कुठे टोचत नव्हतं.

पोटऱ्या पूर्ण शांत झाल्यावर तो पुन्हा पळू लागला, दिवसाआड, तीन किलोमीटर. फोम साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दमतो. बाजूने आडव्या सुरकुत्या पडतात, किंवा अंतर न वाढवताही पाय दुखू लागतात. भावाने बुटाच्या जिभेच्या आत पेनने पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवली आहे.