उजव्या बाजूच्या रस्त्यावर भाड्याची गाडी चालवताना

उमराहला जाणाऱ्या कुटुंबांच्या बेतात अलीकडे एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. पूर्वी सगळी वाहतूक ट्रॅव्हल्सवाल्याच्या बसवर अवलंबून असायची. आता घरातला एखादा तरुण म्हणतो, "जेद्दाहला गाडी भाड्याने घेऊ, अम्मी-अब्बूंना आरामात मदीनेला नेऊ." कारंजा घाडगेच्या माणसाला हे सोपे वाटणे साहजिक आहे. नागपूर-अमरावती महामार्ग आपल्या दारातून जातो. ट्रक, ट्रॅक्टर, एस.टी. आणि गुरे यांच्यातून गाडी काढण्याची सवय असलेल्याला सौदीचे रुंद, सरळ रस्ते काय कठीण?

रस्ते कठीण नाहीतच. कठीण आहे ती बाजू. आपण डावीकडून गाडी चालवतो. सौदी अरब, अमिराती, कतार, कुवेत इथे उजवीकडून चालवतात. ही बाजू नेमकी कुठे चुकते आणि ती चुकू नये म्हणून काय करायचे, एवढेच इथे पाहू.

आधी कागद

परदेशात गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या नेहमीच्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो आपल्याच आर.टी.ओ.कडून मिळतो, म्हणजे आपल्यासाठी वर्ध्याहून. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर करता येतो. पासपोर्ट आणि चालू लायसन्स लागते, सरकारी शुल्क 1000 रुपये आहे. परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्सशिवाय त्याला अर्थ नाही. दोन्ही सोबत हवेत. गाडी देणाऱ्या कंपन्या बहुधा चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, तेव्हा कार्ड एकाचे आणि लायसन्स दुसऱ्याचे असा घोळ घरीच मिटवावा.

खांदा आणि मधली रेघ

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते आणि गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने जाते. म्हणजे चालक रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ असतो आणि शेजारी बसलेला माणूस कडेला. सौदीत स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजव्या अंगाला. नीट पाहिले तर इथेही चालक मधल्या रेघेजवळच आहे आणि शेजारचा माणूस कडेलाच.

म्हणून "उजवीकडे, उजवीकडे" असे घोकण्यापेक्षा एक वाक्य पाठ करावे: मधली रेघ किंवा दुभाजक माझ्या खांद्याला, फूटपाथ शेजारच्याच्या खांद्याला. हा नियम कारंज्यातही खरा आणि मक्केतही खरा. फूटपाथ किंवा रस्त्याची कड तुमच्या स्वतःच्या खांद्याला लागून धावू लागली, किंवा दुभाजक शेजारच्या माणसाच्या बाजूला दिसू लागला, तर बाजू चुकली असे समजावे. समोरच्या पाट्यांची नुसती मागची बाजू दिसणे, रस्त्यावर रंगवलेले बाण आपल्याकडे तोंड करून असणे, याही त्याच खुणा.

गाडीच्या आत बदल थोडे असतात. पायाखाली काहीच बदलत नाही. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर आपल्या जागीच असतात. गिअर मात्र उजव्या हाताला येतो, म्हणून ऑटोमॅटिक गाडीच मागावी. डोक्यावरचे एक ओझे कमी होते. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, तिथे डावीकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर फिरू लागतात. त्याने नुकसान होत नाही, पण मागच्याला आपला इशारा मिळालेला नसतो. मधला आरसा डावीकडे वर शोधायची सवय असते, तो आता उजवीकडे असतो.

एक चूक मात्र महागात पडते. आपल्या शरीराला लेनच्या उजव्या भागात बसायची सवय आहे, कारण गाडीचा बाकीचा भाग डावीकडे असतो. इथे गाडीचा भाग उजवीकडे आहे. जुन्या सवयीने बसलो की गाडीची उजवी बाजू लेनच्या बाहेर जाते. उजवा आरसा उभ्या गाड्यांना घासतो, उजवे चाक फूटपाथच्या कडेवर चढते. शेजारी बसलेले अब्बू दचकून आत सरकू लागले तर त्यांना भित्रे म्हणू नये. त्यांना दिसते आहे ते खरे आहे. गाडी थोडी डावीकडे, मधल्या रेघेकडे घ्यावी.

चूक गर्दीत होत नाही

गर्दीत बाजू सहसा चुकत नाही, कारण पुढची गाडी जाते तसे आपण जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना.

माझ्या एका मेहुण्यांनी हाच अनुभव सांगितला. तीन दिवस जेद्दाहच्या रहदारीत त्यांनी बिनचूक गाडी चालवली. चौथ्या दिवशी फजरनंतर ते पेट्रोल भरायला थांबले. बाहेर पडताना रस्त्यावर एकही गाडी नव्हती. हात आपोआप फिरले आणि गाडी डाव्या अंगाला लागली. शेजारी आमची आपा होती. ती म्हणाली, "अहो, दुभाजक माझ्याकडे कसा आला?" समोरून दिवे दिसायच्या आत त्यांनी गाडी थांबवली, आपत्कालीन दिवे लावले आणि रस्ता मोकळा पाहून हळूच मागे पंपाच्या आवारात घेतली. चौथ्या दिवशी चूक झाली, पहिल्या दिवशी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी माणूस भीतीने जागा असतो.

एका देशाने हाच धडा एकदम घेतला. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे 5 वाजता अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. लोक इतके जपून चालवू लागले की सुरुवातीला अपघात कमी झाले. सवय झाली, सावधपणा ओसरला, तसे अपघातांचे प्रमाण पुन्हा जुन्या जागी आले. आपल्या दहा दिवसांच्या सफरीतही धोका याच क्रमाने येतो.

तेव्हा जपायच्या जागा मोजक्याच आहेत: पेट्रोल पंप, हॉटेलचे फाटक, पार्किंग आणि नमाजसाठी थांबलेली मशीद. या जागांहून निघताना शेजारच्याने मोठ्याने विचारावे, "दुभाजक कुठे?" आणि चालकाने उत्तर देऊनच गाडी हलवावी. विचारण्यात संकोच नको आणि उत्तर देण्यात राग नको.

वळण आणि चौक

आपल्याकडे डावे वळण छोटे आणि उजवे वळण मोठे, कारण उजवीकडे जाताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. तिथे उलट. उजवे वळण छोटे, कडेकडेने. डावे वळण मोठे. खरा धोका या मोठ्या डाव्या वळणात आहे. आपले मन डाव्या वळणाला छोटे समजते आणि गाडी नव्या रस्त्याच्या जवळच्या, म्हणजे चुकीच्या भागात घालते. डावीकडे वळताना चौकाच्या मध्यापर्यंत सरळ पुढे जावे आणि मगच वळून रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात शिरावे. यू-टर्नही तिथे डावीकडूनच होतो.

गोल चौक आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तिथे काट्यांच्या उलट. उमराहला गेलेल्याला दिशा लक्षात ठेवायला अडचण नाही: तवाफमध्ये काबा आपल्या डाव्या खांद्याला असतो, तसेच चौकाचे वर्तुळ डाव्या खांद्याला ठेवायचे. चौकात आधीच फिरणारी गाडी आपल्या डावीकडून येते. तिला जाऊ द्यावे.

मोठ्या रस्त्यावर हळू जाणाऱ्यांची लेन उजवी आणि ओलांडून जाणाऱ्यांची डावी. आपल्या सवयीने "हळू जायचे, मग डावीकडेच राहू" असे केले, तर मागून वेगाने येणारी गाडी दिवे चमकवू लागते. उजव्या लेनमध्ये निवांत राहावे. महामार्गावरून बाहेर पडायचे रस्तेही बहुतेक उजवीकडूनच फुटतात.

एक सफर आखून पाहू

समजा, कारंज्याचे पाच जणांचे कुटुंब नागपूर, मुंबई करत जेद्दाहला उतरले. घर सोडून बराच वेळ झाला आहे, झोप अपुरी आहे, घड्याळ अडीच तास मागे गेले आहे. अशा वेळी विमानतळावरच किल्ली हातात घेणे चूक. मक्केपर्यंत टॅक्सी किंवा हरमैन रेल्वेने जावे. ही रेल्वे 2018 पासून मक्का, जेद्दाह आणि मदीना जोडते. मक्केत हरमच्या आसपास गर्दी मोठी आणि पार्किंगची अडचण, म्हणून तिथेही गाडीचा उपयोग कमीच.

गाडी घ्यायची ती मदीनेला निघण्याच्या आदल्या दिवशी, उजेडात. चारही बाजूंनी आणि आतून तिचे फोटो काढावेत. विमा असला तरी नुकसानीची किती रक्कम आपल्या खिशातून जाईल ते लिहून घ्यावे. मग रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास फक्त चालकाने बसून आरसे, इंडिकेटर आणि डावे वळण यांचा सराव करावा. नकाशा बोलता ठेवावा, म्हणजे नजर रस्त्यावर राहते. दुसऱ्या दिवशी फजरनंतर निघावे. मक्का ते मदीना हे अंतर साधारण 450 किलोमीटर आहे. रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, त्यामुळे दर दोन तासांनी थांबावे, आणि प्रत्येक थांब्यानंतर तोच प्रश्न, "दुभाजक कुठे?" वेग टिपणारे कॅमेरे जागोजागी आहेत, तेव्हा पाटीवरची मर्यादा पाळावी.

इतके करूनही दुभाजक असलेल्या रस्त्यावर उलट्या बाजूला शिरलोच, तर घाबरून तिथेच यू-टर्न घेऊ नये. आपत्कालीन दिवे लावून जवळच्या कडेला गाडी थांबवावी आणि मदतीसाठी 911 लावावा. मक्का आणि मदीना या दोन्ही भागांत हा क्रमांक चालतो.

पायी चालणाऱ्यांसाठी

गाडी न चालवणाऱ्यांनाही हा बदल लागू आहे. रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे पाहतो, कारण पहिली गाडी तिकडून येते. तिथे ती डावीकडून येते. मुलांना आणि अम्मीला घरीच सांगून ठेवावे: आधी डावीकडे पाहा. टॅक्सीतून उतरायचे ते उजव्या दाराने, फूटपाथकडे.

परत आल्यावर

दोन आठवड्यांनी घरी परतलो की हाच बदल उलटा होतो, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्या गाडीत बसल्यावर निदान उजवीकडचे स्टिअरिंग आठवण करून देते. मोटारसायकलला तेही नसते. हँडल मधोमध असते, शेजारी विचारणारे कोणी नसते आणि पहाटे गावातला रस्ता रिकामा असतो. म्हणून परतल्यावर पहिले दोन दिवस मोटारसायकल घरीच ठेवावी. गाडी काढलीच, तर घराच्या गल्लीतून बाहेर पडताना क्षणभर थांबून आपल्याच रस्त्याची मधली रेघ शोधावी. ती आता उजव्या खांद्याला हवी.