बाग किती एकर, यापेक्षा आठवड्याला किती कंटेनर?

द्राक्षाचा बागायतदार पुढे पॅकहाऊसवाला होतो, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल घेऊ लागतो आणि एके दिवशी परदेशी खरेदीदारांच्या बाजारपीठावर स्वतःची ओळख लिहायला बसतो. पहिला मसुदा बहुतेकांचा सारखाच असतो: ‘आम्ही गेली वीस वर्षे द्राक्षशेतीत आहोत. आमची १०० एकर बाग असून निर्यातक्षम, विषमुक्त, उत्तम दर्जाची द्राक्षे आम्ही योग्य दरात व वेळेवर पुरवतो.’ खाली हिरव्यागार मांडवाचा फोटो.

यात खोटे काही नसेलही, पण खरेदीदाराच्या कामाचेही काही नाही. रॉटरडॅमला किंवा लंडनला बसलेल्या माणसाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. माल नेमका कोणता, कोणत्या आठवड्यात किती मिळेल, आणि त्यात कोणत्या औषधांचे अंश सापडतील? उत्पादन, आवाका आणि पद्धती हे ओळखपत्रातले तीन रकाने म्हणजे हेच तीन प्रश्न. नाशिक जिल्ह्यातल्या एका कल्पित बागायतदार-उद्योजकाचे उदाहरण घेऊन ते भरून पाहू.

पहिला रकाना उत्पादनाचा. ‘थॉमसन सीडलेस’ एवढे लिहून भागत नाही. खरेदीदार आधी मण्याचा व्यास पाहतो, कारण सुपरमार्केटमध्ये १६ मिलिमीटरच्या मण्याचा आणि १८ मिलिमीटरच्या वरच्या मण्याचा भाव वेगळा असतो. मग तो गोडी पाहतो. ती ब्रिक्समध्ये मोजतात आणि निर्यातीच्या थॉमसनला साधारण १६ च्या पुढची गोडी हवी असते. त्यानंतर रंग येतो. युरोपच्या बहुतेक ग्राहकांना हिरवा मणी लागतो, तर पिवळसर झाक आलेला गोड मणी आपल्याकडे हातोहात खपतो. शेवटी पॅकिंग. ५०० ग्रॅमचे दहा पनेट असलेली पाच किलोची पेटी, की सुटे घड पिशवीत भरलेली पेटी, हे सांगावे लागते. ‘थॉमसन, १६ ते १८ मिमी, ब्रिक्स १६ पेक्षा जास्त, हिरवा, १० पनेटची पेटी’ ही एक ओळ ‘उत्तम दर्जा’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगते, कारण पेटी उघडून ती तपासता येते.

मण्याचा हा आकार आपोआप येत नाही. फळछाटणीनंतर घडातले जादा मणी काढावे लागतात, जीएचे डिपिंग ठरल्या वेळी करावे लागते आणि वेलीवर मोजकेच घड ठेवावे लागतात. एकरी बारा-चौदा टन काढायचे आणि वर १८ मिमीचा मणीही मिळवायचा, हे सहसा जमत नाही. म्हणून एकरी आठ-नऊ टनांचा आकडा दिसला की जाणकार खरेदीदाराचा विश्वास बसतो. पंधरा टन दिसले, तर हा माल कुठे जात असेल याची त्याला शंका येते.

दुसरा रकाना आवाक्याचा. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, त्यामुळे हिशेब सविस्तर करू. आपल्या बागायतदाराची स्वतःची बाग १२ एकर आणि जोडलेल्या शेतकऱ्यांची मिळून ८८ एकर आहे. एकूण १०० एकर झाली खरी, पण ‘आमची १०० एकर’ असे लिहिणे चूक ठरते. स्वतःच्या बागेत फवारणी याच्या हुकमावर चालते. दुसऱ्याच्या बागेत तो फक्त सल्ला देऊ शकतो, आणि भाव चढला तर तो शेतकरी ऐन वेळी माल दुसरीकडे देऊ शकतो. दोन्ही आकडे वेगळे लिहिले की खरेदीदाराला ही जोखीम मोजता येते.

एकरी नऊ टन धरले तर ९०० टन माल होतो. पण सगळा युरोपला जात नाही. लहान मणी, डागी घड, तडकलेले मणी बाजूला काढल्यावर निर्यातीला ६० टक्के उरले असे धरू, म्हणजे ५४० टन. बाकीचा माल स्थानिक बाजारात जातो. पनेटमध्ये भरलेल्या मालाचा ४० फुटी थंड कंटेनर सुमारे १३ टनांचा धरला, तर ५४० टनांचे ४१ कंटेनर होतात. हंगाम आठ आठवड्यांचा मानला, तर आठवड्याला सुमारे पाच. कागदावर सगळे सोपे दिसते.

आता पॅकहाऊसकडे वळू. तोडलेला घड उन्हाची धग घेऊन येतो. ती धग काढल्याशिवाय माल शीतगृहात ठेवला तर देठ सुकतात आणि बुरशीला आयते निमंत्रण मिळते. म्हणून आधी प्रीकूलिंग करावे लागते. पेट्यांमधून थंड हवा जोराने ओढून माल शून्याच्या आसपास आणायला सहा-आठ तास लागतात. याच्या प्रीकूलिंगच्या खोल्यांत एका वेळी १० टन बसतात. दिवसात दोन फेऱ्या झाल्या तर २० टन, आणि सहा दिवसांच्या आठवड्यात १२० टन. टेबलावर महिला कामगार दिवसाला ४० टनही पॅक करतील, पण माल पुढे सरकणार २० टनांच्याच वेगाने. त्यामुळे या उद्योगाची खरी क्षमता १०० एकर नाही, ४० टनही नाही, ती आठवड्याला १२० टन आहे.

सरासरीने पाहिले तर ही क्षमता पुरेशी वाटते. अडचण वेगळीच आहे. समजा, जोडलेल्या शेतकऱ्यांपैकी निम्म्यांनी ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच आठ-दहा दिवसांत फळछाटणी उरकली. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने लागत असल्याने निम्मा माल, म्हणजे २७० टन, फेब्रुवारीच्या मध्यानंतर दोनच आठवड्यांत तयार होणार. आठवड्याला १३५ टन आले आणि जागा १२० टनांची. उरलेला माल वेलीवर थांबला तर रंग पिवळा पडतो, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात. भाड्याच्या शीतगृहात पाठवला तर भाडे भरून आणि वाहतुकीचे हाल सोसून माल परत येतो.

यावर उपाय हंगामात निघत नाही, तो ऑक्टोबरच्या आधी निघतो. छाटणीच्या तारखा ठरवून त्या महिनाभर पसरवायच्या. आधी छाटणाऱ्याला पावसाचा आणि डाऊनीचा धोका जास्त असतो, उशिरा छाटणाऱ्याच्या मालाला मार्चचे ऊन सोसावे लागते, त्यामुळे ही तारीखवाटणी शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. पण ती झाली की ओळखपत्रात ‘आठवडा ५ ते १२, दर आठवड्याला ४ ते ८ कंटेनर’ असा तक्ता देता येतो. खरेदीदार सुपरमार्केटशी करार करतो तो आठवड्यावारी. ‘हंगामभर भरपूर माल’ या वाक्यावर त्याला एकही पेटी विकता येत नाही.

तिसरा रकाना पद्धतींचा. इथे ‘विषमुक्त’ हा शब्द आधी खोडावा. आपल्या हवामानात भुरी आणि डाऊनीसाठी फवारणी न करता निर्यातीचे थॉमसन घेणे फार अवघड आहे, आणि हे खरेदीदारालाही ठाऊक असते. कोणती औषधे वापरली, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडले, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात काय निघाले, हे त्याला हवे असते. युरोपच्या कायद्याने प्रत्येक औषधाच्या अंशाची मर्यादा ठरलेली आहे. शिवाय काही सुपरमार्केट कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती औषधे सापडावीत यावरही बंधन घालतात. त्यामुळे ‘अहवाल पास’ असे लिहून चालत नाही, अहवालातले आकडेच द्यावे लागतात.

याची किंमत महाराष्ट्राने २०१० मध्ये मोजली आहे. अपेडाने २००६ पासून ग्रेपनेट सुरू केले होते. बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी आणि पेटीपर्यंतचा माग त्यात जोडलेला होता. तरीही त्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले आणि कंटेनर युरोपात अडकले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखण्यासाठी हे संजीवक आपल्याकडे सर्रास वापरले जाई, पण तपासायच्या यादीत ते नव्हते. फवारणी आणि काढणी यांत कित्येक महिने गेले होते, तरी वेलीतून अंश मण्यापर्यंत पोचला होता. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम एवढी कडक होती. मोठे नुकसान सोसणाऱ्यांत विलास शिंदेही होते. पुढे शेतकऱ्यांची सह्याद्री फार्म्स ही कंपनी त्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत उभी केली.

यातून ओळखपत्र लिहिणाऱ्याने घ्यायचा धडा असा: नोंद काढणीच्या महिन्यापासून नाही, एप्रिलच्या खरड छाटणीपासून ठेवायची. प्रत्येक प्लॉटची वही असावी. तारीख, औषधाचे नाव, घटक, प्रमाण, फवारणाऱ्याचे नाव. खरेदीदार त्यातले एखादे पान मागवतो. सगळ्या प्लॉटच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि सारख्याच तारखांच्या दिसल्या, तर वही आदल्या रात्री बसून भरली हे त्याला लगेच कळते. ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र असेल तर त्याचा १३ आकडी क्रमांक द्यावा, म्हणजे ते चालू आहे की मुदत संपली हे त्याला परस्पर पाहता येते. पॅकहाऊस भाड्याचे असेल तर तसे लिहावे. दुसऱ्याच्या पॅकहाऊसचा फोटो पहिल्याच भेटीत उघडा पडतो.

आता पहिला मसुदा पुन्हा लिहू: ‘थॉमसन सीडलेस, १६ ते १८ मिमी, ब्रिक्स १६ पेक्षा जास्त. स्वतःची बाग १२ एकर, करारातील शेतकरी ८८ एकर. निर्यातयोग्य माल अंदाजे ५४० टन, आठवडा ५ ते १२, आठवड्याला जास्तीत जास्त १२० टन. प्रीकूलिंग स्वतःचे, एका वेळी १० टन. फवारणी नोंदी एप्रिलपासून, प्लॉटवार. मागील हंगामाचे अंश तपासणी अहवाल सोबत.’ आधीच्या मसुद्यापेक्षा थोड्या जास्त ओळी, पण प्रत्येक ओळ तपासता येण्याजोगी.

अनुभवी उद्योजक शेवटी आणखी एक ओळ घालतात: काय देता येणार नाही. ‘२० मिमीच्या वरचा मणी नाही. १५ जानेवारीपूर्वी माल नाही. गारपीट झाल्यास ४८ तासांत नवा आकडा कळवू.’ नवशिक्याला वाटते, यामुळे गिऱ्हाईक जाईल. उलट, आधी आठवडा १२ पर्यंत आठ कंटेनर कबूल करून ऐन हंगामात पाचच भरणाऱ्याला सुपरमार्केटचा दंड सोसलेला खरेदीदार पुढच्या वर्षी फोनही करत नाही. पहिल्या वर्षी तो दोन कंटेनर घेतो, मणी मोजतो, अहवाल जुळवतो आणि ओळखपत्राशेजारी ठेवून पाहतो. दुसऱ्या वर्षीची ऑर्डर त्या जुळणीवरच ठरते.