सागाचा ओंडका आणि सहा चकत्या

अहेरीहून आलापल्लीला जाताना साग सुरू होतो. लाकूड आगारात पोचलं की तोच साग आडवा पडलेला दिसतो. थप्प्या लावलेल्या असतात आणि प्रत्येक नगाच्या कापलेल्या तोंडावर क्रमांक, लांबी आणि घेर लिहिलेला असतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला एकच गोष्ट खटकली होती. ओंडका एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, आणि घेराचा आकडा मात्र एकच. हा घेर कुठला, असं टेपवाल्याला विचारलं. "मधला, गुरुजी. मधे टेप गुंडाळायचा न् लिहायचा," तो म्हणाला. मधलाच का, यावर तो हसला. उत्तर खरं तर मीच द्यायला हवं होतं, कारण गणित मी शिकवतो.

ते उत्तर द्यायला बेरजेच्या सीमेपर्यंत जावं लागतं. बारावीच्या मुलांना जो भाग सगळ्यात रुक्ष वाटतो, म्हणजे निश्चित समाकल व्याख्येवरून काढणं, त्याचं इथे चक्क घनमीटरात मोल होतं.

एक ओंडका घेऊ. लांबी ६ मीटर. शेंड्याकडचा घेर ०.९० मीटर, बुंध्याकडचा १.५० मीटर, आणि मधे घेर सारख्या गतीने वाढत जातो, दर मीटरला १० सेंटिमीटर. मधोमध तो १.२० मीटर भरेल. गोल छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाला ४π ने भागून मिळतं. म्हणून सगळा खटाटोप घेराच्या वर्गांचा आहे. ४π म्हणजे सुमारे १२.५७, त्याने शेवटी एकदाच भागू.

सोपे रस्ते दोन. मधला घेर सगळ्या लांबीला लावला तर १.४४ गुणिले ६, म्हणजे ८.६४, भागल्यावर ०.६८८ घनमीटर. दोन्ही टोकांच्या वर्गांची सरासरी घेतली तर ०.८१ आणि २.२५ यांची सरासरी १.५३, गुणिले ६ म्हणजे ९.१८, भागल्यावर ०.७३१ घनमीटर. वनविद्येच्या पुस्तकांत पहिल्या रीतीला ह्यूबरचं आणि दुसरीला स्मॅलियनचं नाव आहे. दोघेही जर्मन. ओंडका एक, उत्तरं दोन, आणि फरक ०.०४३ घनमीटर. इंग्रजांनी आणलेली तिसरी रीतही आहे: मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. तिने ०.५४० येतं. चौथ्या भागाच्या या रीतीत गोल छेदाला चौरस मानलेलं असतं आणि १ ऐवजी π/४ इतकाच, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के, हिशेब धरला जातो. करवतीत जाणारं लाकूड आधीच वजा केलं, असा त्याचा व्यवहारी अर्थ. ती व्यापाराची सोय आहे, गणिताची चूक नव्हे. वाद पहिल्या दोघांचा आहे.

तो मिटवायला ओंडका कापावा लागतो, निदान कागदावर. एकेक मीटरच्या सहा चकत्या करू. प्रत्येक चकतीला तिच्या बुंध्याकडचा घेर द्यायचा, म्हणजे चकती खऱ्यापेक्षा थोडी जाडच धरली जाईल. घेर १.०, १.१, १.२, १.३, १.४, १.५ आणि वर्गांची बेरीज ९.५५. आता उलट, प्रत्येक चकतीला शेंड्याकडचा घेर द्यायचा: ०.९ पासून १.४ पर्यंत, बेरीज ८.११. खरा आकडा या दोहोंच्या मधेच कुठेतरी आहे, यात शंका उरत नाही. म्हणजे ओंडका कोंडीत सापडला.

कोंडी आवळायची तर चकत्या पातळ करायच्या. n चकत्या केल्या तर प्रत्येकीची जाडी h = 6/n. शेंड्यापासून x मीटरवर घेर 0.9 + 0.1x आहे, त्याचा वर्ग 0.81 + 0.18x + 0.01x². k व्या चकतीच्या बुंध्याकडे x = kh. बेरीज तीन तुकड्यांत मोडते. पहिला तुकडा स्थिर, तो 0.81 × 6 = 4.86. दुसऱ्यात १ ते n ची बेरीज लागते, तिसऱ्यात वर्गांची:

0.18 · h² · n(n+1)/2
0.01 · h³ · n(n+1)(2n+1)/6

वर्गांच्या बेरजेचं सूत्र पाठ करायला मुलांचा जीव जातो, पण ते एका ओळीत उभं राहतं. (k+1)³ − k³ = 3k² + 3k + 1. k ला १ ते n देऊन सगळ्या ओळी मिळवल्या की डावीकडे मधली पदं एकमेकांना खातात, फक्त (n+1)³ − 1 उरतं. उजवीकडे वर्गांची बेरीज सोडून बाकी सगळं माहीत असतं.

आता h च्या जागी 6/n घातलं की दुसरा तुकडा 3.24(1 + 1/n) होतो आणि तिसरा 0.36(1 + 1/n)(2 + 1/n). ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. n वरखाली कापून घेतला, आणि जिथे जिथे n उरला तिथे तो छेदातच उरला. तपासून पाहा: n ला ६ दिले तर 4.86 + 3.78 + 0.91, म्हणजे मघाचेच ९.५५. आता n वाढू द्या. 1/n शून्याकडे जातो, आणि उरतं 4.86 + 3.24 + 0.72 = 8.82. भागल्यावर ०.७०२ घनमीटर.

इथे दरवर्षी एक मुलगा हमखास घसरतो. तो सुरुवातीलाच म्हणतो, चकत्या अनंत म्हणजे जाडी शून्य, शून्य जाडीच्या चकतीचं घनफळ शून्य, म्हणून बेरीज शून्य. त्याचा तर्क तसा चुकीचा नाही, फक्त क्रम उलटा आहे. सीमा बेरीज झाल्यावर घ्यायची असते, आधी नाही. दुसरी चूक जास्त गुपचूप होते: जाडीचा h लिहायचाच राहतो. मग n वाढवला की उत्तर फुगत जातं. बेरीज n बरोबर वाढतच चालली तर चकतीची जाडी कुठेतरी हरवली, हे ओळखावं.

बुंध्याकडून घेतलेली आणि शेंड्याकडून घेतलेली बेरीज यांतला फरकही मोजता येतो. मधल्या चकत्या दोन्हींत सारख्याच येतात, फक्त दोन टोकं उरतात: h × (2.25 − 0.81), म्हणजे 8.64/n. सहा चकत्यांना १.४४, साठ चकत्यांना ०.१४४. घेर सतत वाढत जाणारा असेल तर ही फट हवी तितकी बारीक करता येते, आणि म्हणूनच मधला आकडा एकच असतो. सगळ्या फलनांना हे भाग्य लाभत नाही. ते कुणाला लाभतं याची चोख व्याख्या रीमानने १८५४ साली दिली.

आता ह्यूबर आणि स्मॅलियन दोघेही उघडे पडतात. खरा आकडा ८.८२, मधला घेर ०.१८ कमी देतो, टोकांची सरासरी ०.३६ जास्त, बरोबर दुप्पट. कारण वर्गात आहे. १२० मधून ३० वजा करून आणि ३० मिळवून जे दोन आकडे येतात त्यांचे वर्ग मिळवले तर १२० च्या दोन वर्गांपेक्षा बेरीज जास्तच भरते. लांबी किंवा पृष्ठ मोजताना सरासरी बिनचूक चालते. घनफळात ती दगा देते.

ही गोष्ट आपल्याकडे फार आधी कळली होती, असं मी लीलावती वाचून म्हणतो. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा, आणि त्यांच्या घराण्याची आठवण सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. लीलावतीत क्रकचव्यवहार नावाचं छोटं प्रकरण आहे, करवतीच्या मजुरीचा हिशेब. बुंध्याची जाडी २० अंगुळं, शेंड्याची १६, लांबी १०० अंगुळं, चार ठिकाणी कापायचं. भास्कराचार्य सरासरी १८ घेतात, १०० ने आणि ४ ने गुणतात, ५७६ ने भागून साडेबारा चौरस हात सांगतात. कापलेल्या पृष्ठाला हे चालतं, कारण तिथे वर्ग नाही.

पण त्याच्याच आधीच्या खातव्यवहारात, खड्ड्याचं घनफळ काढताना, ते सरासरीवर थांबत नाहीत. वरचं तोंड १२ हात बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, खोली ७. वरचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, आणि बाजूंची बेरीज करून होणारं १८ गुणिले १५, म्हणजे २७०. तिघांची बेरीज ४२०, तिला सहाने भागून ७०, खोलीने गुणून ४९० घनहात. बाजूंच्या बेरजेचं क्षेत्रफळ म्हणजे मधल्या छेदाची चौपट. हीच रीत आपल्या ओंडक्याला लावा: 0.81 + 2.25 + (2.4)² = 8.82, सहाने भागा, सहा मीटरने गुणा, परत ८.८२. सीमा न घेता अचूक उत्तर! युरोपच्या वनविद्येत याच सूत्राला न्यूटनचं नाव आहे.

मग बेरजेची सीमा कशाला, असं वाचक विचारतील. लीलावतीचं सूत्र ओंडका सरळ निमुळता असेल तोवरच चालतं, आणि साग मुळापाशी फुगलेला असतो. आपलाच ओंडका घेऊ, फक्त शेवटच्या मीटरमध्ये घेर १.४ वरून १.५ ऐवजी १.८ पर्यंत जातो असं धरू. मधला घेर तोच, १.२०. दोन तुकडे वेगळे मोजले की खरा आकडा ९.२९ येतो, म्हणजे ०.७३९ घनमीटर. टोकांच्या घेरांची बेरीज घेऊन लीलावतीच्या रीतीने ०.९०२ येतं. टेपने मोजलेला मधला घेर वापरून तेच सूत्र लावलं तर ०.७८१. नुसता मधला घेर मात्र ०.६८८ वरच अडकून राहतो, फुगवटा त्याला दिसतच नाही. ओळखायची खूण साधी: टोकांची सरासरी १.३५, मधला घेर १.२०. या दोहोंत इतका फरक दिसला की सूत्रावर विसंबायचं नाही, चकत्यांकडे यायचं.

चकत्या किती कराव्यात? कागदावर कितीही. आगारात मात्र टेप आडवा येतो. टेप सगळीकडे १ सेंटिमीटर सैल बसला तर सरळ ओंडक्यात जेमतेम ०.०११५ घनमीटरचा फरक पडतो, आणि साठ चकत्यांच्या वरच्या-खालच्या बेरजांतली फटही नेमकी तेवढीच. हा योगायोग नाही. दहा सेंटिमीटरच्या चकतीत या ओंडक्याचा घेर एक सेंटिमीटरनेच बदलतो. त्यापुढे कोंडी आवळून उपयोग नाही; टेपच तेवढा खरा नसतो.

त्यापेक्षा प्रत्येक चकतीचा मधला घेर घ्यावा. सरळ ओंडक्यावर सहा घेरांतच ८.८१५ येतं. फुगलेल्या ओंडक्यावरही करून पाहिलं: ०.९५, १.०५, १.१५, १.२५, १.३५ आणि शेवटी १.६०. वर्गांची बेरीज ९.२७, घनफळ ०.७३८, खऱ्यापेक्षा फक्त ०.००१ ने कमी. पुढच्या वेळी आगारात गेलो तेव्हा टेपवाल्याला हे सांगितलं. त्याने थप्पीकडे पाहिलं, शेकडो नग होते. "सहा वेळा, गुरुजी? एकेकाला?" मग बुंध्याशी फुगलेल्या एका नगावर बोट ठेवून म्हणाला, "याला घेऊ."