घडणावळीवर सूट म्हणजे नेमकी कशावर?

दसरा जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात, गुलमंडीवर आणि निराला बाजारात एकाच धाटणीच्या पाट्या झळकू लागतात. 'घडणावळीवर ५० टक्के सूट, १०० टक्के हॉलमार्क दागिने.' पाडव्यापर्यंत हाच मजकूर मोबाईलवरही येत राहतो. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. तरीही तेवढ्यावरून दागिना स्वस्त पडणार की महाग, हे ठरवता येत नाही. सूट फक्त मजुरीवर असते, आणि हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. वजन किती धरलं आणि भाव कोणता लावला, याबद्दल पाटी काहीच बोलत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात.

'निम्मी सूट म्हणजे मोठी बचत'

वाटी-मंगळसूत्राचं उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. काट्यावर मंगळसूत्र १६.२ ग्रॅम भरलं. त्यात काळे मणी आणि दोरा मिळून १.२ ग्रॅम आहे, म्हणजे निव्वळ सोनं १५ ग्रॅम. सोन्याची किंमत दीड लाख. घडणावळ १६ टक्के, म्हणजे २४,००० रुपये. निम्मी सूट मिळाल्यावर राहिले १२,०००. एकूण १,६२,००० रुपयांवर ३ टक्के जीएसटी ४,८६० रुपये, म्हणजे दागिना १,६६,८६० रुपयांना पडला.

आता याच मंगळसूत्राचं बिल मण्यांसकट १६.२ ग्रॅमवर केलं तर? सोनं १,६२,००० रुपयांचं होतं. सूट वजा जाऊन उरलेली ८ टक्के घडणावळ १२,९६० रुपये. त्यावर जीएसटी धरून एकूण १,८०,२०८ रुपये ८० पैसे. फरक १३,३४८ रुपये ८० पैशांचा. सूट मिळाली होती १२,००० रुपयांची. पाटीवरची सूट प्रामाणिकपणे दिली, तरी काचेचे मणी सोन्याच्या भावाने विकून ती पूर्ण परत घेता येते. म्हणून मंगळसूत्र, खड्यांची अंगठी, मोत्यांची नथ, लाख भरलेला दागिना यांच्या बिलावर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन असे दोन वेगळे आकडे असले पाहिजेत. घडणावळही निव्वळ वजनावरच लावलेली आहे ना, तेही पाहावं.

सुटीआधी मूळ घडणावळ किती होती, हा दुसरा प्रश्न. कायद्याने तिचा एकच दर ठरलेला नाही. साच्यातून निघालेली चेन कमी मजुरीत होते, तर हाताने घडवलेल्या ठुशीला किंवा तोड्यांना कारागिराचे दिवस जातात. त्यामुळे १६ टक्क्यांवर निम्मी सूट देणारं दुकान आणि मुळातच ८ टक्के घेणारं, कसलीही पाटी न लावलेलं दुकान यांचं बिल सारखंच होतं. तुलना सुटीच्या टक्क्यांची करू नये. त्याच वजनाच्या, तशाच घडणीच्या दागिन्याचे हातात पडेपर्यंतचे पैसे विचारावेत.

'घडणावळ माफ' असं लिहिलेलं असेल, तर 'घट किती धरता?' हे विचारायला हवं. कानस मारताना, डाग देताना, पॉलिश करताना थोडं सोनं झिजतं, हे खरंच आहे. पण पेढीत सांडलेले कण वाया जात नाहीत. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं पोट पिढ्यान् पिढ्या त्याच कणांवर चाललं. घट ८ टक्के लावून घडणावळ शून्य दाखवली, तर गिऱ्हाइकाच्या खिशातून तेवढेच पैसे जातात.

'हॉलमार्क आहे, म्हणजे सोनं पूर्ण शुद्ध'

हॉलमार्क सांगतो की दागिन्यावर लिहिली आहे तेवढीच शुद्धता आत आहे. `22K916` म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, बाकीचं तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरेटचा दागिनाही अस्सल हॉलमार्कचाच असतो, त्यावर `18K750` असतं. म्हणून फळ्यावरचा भाव २४ कॅरेटचा आहे की २२ चा, हे आधी पाहावं. २२ कॅरेटच्या दागिन्याला २४ चा भाव लावला, तर हॉलमार्क खरा असूनही सोन्याच्या किमतीत सुमारे नऊ टक्के जास्त जातात.

जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला. त्याच जुलैपासून दागिन्यावर तीन खुणा आल्या: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेला दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे नग आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना सक्तीतून सूट आहे. बारीक मुरणीवर शिक्का दिसला नाही, म्हणून लगेच संशय घेऊ नये.

खुणा भिंगातून पाहाव्यात आणि क्रमांक `BIS Care` या ॲपमध्ये `Verify HUID` इथे टाकावा. तिथे शुद्धता, सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. हातात मंगळसूत्र आणि पडद्यावर अंगठी असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच नगाचा आहे.

'हॉलमार्कमुळे दागिना महागतो' हा समज मात्र दोन वाक्यांत संपतो. २०२२ मध्ये ठरलेला दर नगामागे ४५ रुपये अधिक जीएसटी असा आहे, आणि तो वजनावर अवलंबून नाही. बिलात 'हॉलमार्क'च्या नावाखाली ग्रॅममागे पैसे धरले असतील, तर तिथेच हटकावं.

'मोडीला पूर्ण पैसे परत येतात'

दागिना मोडीत घातला की घडणावळ आणि जीएसटी परत येत नाही. मोल होतं निव्वळ सोन्याचं, त्यातूनही काही दुकानं बट्टा कापतात. हॉलमार्कचा फायदा इतकाच की शुद्धतेवर वाद राहत नाही. आजीच्या शिक्का नसलेल्या पाटल्या मोडीत देण्यावर बंदी नाही. मात्र आधी मान्यताप्राप्त केंद्रात त्या स्वतः तपासून घेतलेल्या बऱ्या. म्हणजे टंच किती आहे, हे मोलभाव करताना आपल्यालाही ठाऊक असतं.

सणाची ऑफर देणाऱ्या सराफाला हे सगळं पाटीत सहज सांगता येईल. मजकूर असा असावा, असं मला वाटतं: 'दसरा ते पाडवा. २२ कॅरेटच्या दागिन्यांना २२ कॅरेटचाच भाव. घडणावळ १२ टक्के, सणात ६ टक्के, निव्वळ सोन्याच्या वजनावर. मणी, खडे, लाख यांचं वजन वजा. वेगळी घट नाही. हॉलमार्क नगामागे ४५ रुपये अधिक जीएसटी. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के.'

यातलं शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. घडणावळीवर ५ टक्के जीएसटी असतो, असं पुष्कळ जण सांगतात. आपलं सोनं सोनाराला देऊन फक्त घडवून घेतलं, तर मजुरीवर ५ टक्के लागतो. दुकानातला तयार दागिना घेताना मात्र सोनं आणि घडणावळ मिळून ३ टक्केच.

दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, कॅरेट, हॉलमार्कचं शुल्क हे सगळं बिलावर वेगवेगळं लिहिलेलं हवं, आणि एचयूआयडीही लिहून मागावा. पुढे तपासणीत शुद्धता कमी निघाली, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार त्या कमतरतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळू शकतो. मात्र हे मागायला हातात पक्कं बिल लागतं. 'जीएसटी वाचवतो' म्हणून कच्च्या कागदावर व्यवहार केला, तर हा हक्क सिद्ध करणं फार अवघड होतं.