पिन मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या प्रोफाइलला

नेटफ्लिक्सच्या एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. आठ वर्षांच्या मुलीसाठी किड्स प्रोफाइल काढून वयोमर्यादा U/A 7+ ठेवली, की काम झालं असं अनेक पालकांना वाटतं. पण रिमोटवरून ‘बाबा’ किंवा ‘आजी’ हे प्रोफाइल निवडलं, की ती मर्यादा संपते. म्हणून चार अंकी पिन हवा तो मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला. आजीचं एक उघडं राहिलं, तरी बाकीची कुलपं निरुपयोगी!

ब्राउझरमध्ये खातं उघडा, मोठ्यांचं प्रोफाइल निवडा आणि Profile Lock सुरू करा. तिथेच नवीन प्रोफाइल बनवण्यासाठीही पिन लागेल, हा पर्याय निवडा. नाहीतर मूल स्वतःसाठी बिनबंधनाचं प्रोफाइल काढू शकतं. पिन खात्याच्या पासवर्डने बदलता येतो, त्यामुळे तो पासवर्ड मुलांना माहीत नसावा. एखादी मालिका वयोमर्यादेत बसूनही नकोशी वाटली, तर मुलीच्या प्रोफाइलमध्ये तेवढं नाव रोखता येतं. सगळं झालं की टीव्हीवर मोठ्यांचं एकेक प्रोफाइल उघडून बघा. पिन न विचारता जे उघडेल, तिथे कुलूप लावायचं राहिलंय.