मॉर्फोजेन प्रवणता

मॉर्फोजेन प्रवणता म्हणजे भ्रूणाच्या एका भागात निर्माण होऊन दूर जाताना क्रमाने विरळ होत जाणाऱ्या पदार्थाची चढ-उतार असलेली मांडणी होय. अशा पदार्थाला मॉर्फोजेन म्हणतात. आपल्या जागी त्याची संहती किती आहे, यावरून पेशीला भ्रूणातील स्वतःचे स्थान कळते आणि त्यानुसार तिची पुढील घडण ठरते. प्रत्यक्ष प्रयोगांनी सिद्ध झालेले याचे पहिले स्पष्ट उदाहरण म्हणजे फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर) अंड्यातील बायकॉइड हे प्रथिन होय.

## संकल्पना

एका भ्रूणातील जवळजवळ सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. तरीही काही पेशींपासून डोके बनते, तर काहींपासून उदर. हा फरक कशामुळे पडतो, हा भ्रूणविज्ञानातील जुना प्रश्न आहे. ‘मॉर्फोजेन’ हा शब्द ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये योजला. १९६९ मध्ये लुईस वोलपर्ट यांनी ‘स्थानविषयक माहिती’ ही कल्पना मांडली आणि ती समजावण्यासाठी फ्रान्सच्या तीन रंगी पट्ट्यांच्या ध्वजाचे उदाहरण घेतले. पेशींच्या एका ओळीत पदार्थाची संहती डावीकडून उजवीकडे घटत असेल आणि पेशींनी दोन ठरावीक सीमामूल्ये ओळखली, तर पहिल्या मूल्याच्या वरच्या पेशी निळ्या, दोन मूल्यांमधल्या पांढऱ्या आणि दुसऱ्याच्या खालच्या लाल होतील. एकाच पदार्थापासून अशा प्रकारे तीन वेगळ्या घडणी मिळू शकतात.

## फळमाशीच्या अंड्यातील बायकॉइड

फळमाशीचे अंडे सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रोमीटर लांब असते. अंडे तयार होत असतानाच मादीच्या शरीरातील पोषक पेशी बायकॉइड जनुकाचा संदेशवाहक आरएनए त्यात भरतात आणि तो अंड्याच्या पुढच्या टोकाशी अडकवून ठेवला जातो. त्यामुळे या टप्प्यावर पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांपेक्षा आईची जनुके निर्णायक ठरतात.

अंडे घातल्यावर या आरएनएपासून प्रथिन बनू लागते. या काळात भ्रूणातील केंद्रकांचे विभाजन वेगाने होते, पण त्यांच्यामध्ये पेशीपटले नसतात. सुमारे तीन तासांनी, तेरा विभाजनांनंतर, सहा हजारांच्या आसपास केंद्रकांभोवती पटले तयार होतात. तोपर्यंत प्रथिन सामाईक पेशीद्रवातून मागच्या दिशेने पसरू शकते. पसरतानाच त्याचा नाशही होत असतो. पुढे सतत निर्मिती, विसरण आणि वाटेत नाश या तिन्हींच्या एकत्रित परिणामाने प्रवणता घडते.

तिची संहती दर १०० मायक्रोमीटर अंतरावर साधारण ३७ टक्के उरते. पुढच्या टोकाला ती १०० मानली, तर १०० मायक्रोमीटरवर ३७, २०० वर सुमारे १४ आणि अंड्याच्या मध्याजवळ, २४० वर, सुमारे ९ एवढी होते.

## संहतीचे वाचन

बायकॉइड केंद्रकात शिरून डीएनएच्या विशिष्ट जागांना चिकटते आणि शेजारची जनुके चालू करते. हंचबॅक या जनुकाजवळ अशा अनेक जागा आहेत. संहती पुरेशी असेल तेथे त्या एकमेकींच्या साहाय्याने लवकर भरतात, आणि मूल्य थोडे घसरले की बहुतेक रिकाम्या राहतात. म्हणून प्रवणता हळूहळू उतरत असली, तरी हंचबॅकची कार्यसीमा अंड्याच्या मध्याजवळ बरीच तीव्र दिसते. ऑर्थोडेंटिकल हे डोक्याच्या घडणीतील जनुक मात्र पुढच्या, जास्त संहतीच्या भागातच चालू होते.

## प्रयोगांतील पुरावा

प्रवणता दिसते एवढ्यावरून तीच घडण ठरवते, असे म्हणता येत नाही. त्यासाठी संहती बदलून परिणाम पाहावा लागतो. हे काम ट्युबिंगेन येथे क्रिस्टियान न्युस्लाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात झाले. ज्या मादीमध्ये कार्यक्षम बायकॉइड जनुक नसते, तिच्या भ्रूणांत डोके व वक्ष तयार होत नाहीत आणि पुढच्या टोकालाही शेपटीकडील रचना येते. अशा भ्रूणाच्या पुढच्या टोकात सामान्य भ्रूणाच्या पुढच्या टोकाचे पेशीद्रव सोडल्यास हा दोष बऱ्याच अंशी भरून निघतो. तेच पेशीद्रव अंड्याच्या मध्यभागी सोडल्यास डोक्याच्या रचना मध्यभागी तयार होतात. म्हणजे डोक्याचे स्थान अंड्याच्या टोकावरून नव्हे, तर या पदार्थाच्या उगमस्थानावरून ठरते.

१९८८ मध्ये वोल्फगांग ड्रीव्हर आणि न्युस्लाइन-फोलहार्ड यांनी प्रथिनाची प्रवणता दाखवली आणि मादीतील जनुकाच्या प्रतींची संख्या बदलून पाहिली. सामान्य मादीत दोन प्रती असतात. एकच प्रत ठेवल्यावर डोके व वक्ष यांच्यामधील खाच पुढे सरकली आणि प्रती वाढवल्यावर मागे गेली.

## प्रतिमानाच्या मर्यादा

वरील आकडे घेऊन अपेक्षा मांडता येते. प्रतींची संख्या निम्मी केल्यास सर्वत्र संहती निम्मी होईल. मग ९ हे मूल्य २४० मायक्रोमीटरऐवजी पूर्वी जेथे १८ होते तेथे, म्हणजे सुमारे १७० मायक्रोमीटरवर मिळेल. याचा अर्थ हंचबॅकची सीमा जवळजवळ ७० मायक्रोमीटर पुढे सरकायला हवी. प्रत्यक्षात सीमा त्याच दिशेने सरकते, पण त्याहून कमी. म्हणजे ती एका सीमामूल्यावरच ठरत नाही. आईकडून आलेले हंचबॅकचे प्रथिन, मागच्या टोकाकडून कार्य करणारे नॅनोस आणि एकमेकांना दाबणारी इतर जनुके यांचाही त्यात वाटा असतो. प्रती दुप्पट असलेल्या मातांच्या अनेक भ्रूणांपासून पुढे सामान्य माश्या तयार होतात, यावरून नंतरच्या टप्प्यांत चुकीची दुरुस्ती होत असल्याचे दिसते.

दुसरा प्रश्न अचूकतेचा आहे. मध्याजवळच्या दोन शेजारी केंद्रकांत सुमारे आठ मायक्रोमीटर अंतर असते आणि त्यामुळे संहतीत साधारण आठ ते दहा टक्के फरक पडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार या भागातील एका केंद्रकात बायकॉइडचे सुमारे ७०० रेणू असतात. इतक्या थोड्या रेणूंच्या संख्येत क्षणोक्षणी होणारे यादृच्छिक बदलही निर्णय बिघडवू शकतात. तरीही हंचबॅकची सीमा वेगवेगळ्या भ्रूणांत जवळजवळ त्याच जागी येते. केंद्रके काही काळाची आणि शेजाऱ्यांची सरासरी घेत असावीत, असे यावर सुचवले गेले आहे.

## इतर प्राण्यांमध्ये

बायकॉइड जनुक सर्व कीटकांत नाही. ते काही माश्यांच्या गटांतच आढळते. नॅसोनिया या गांधीलमाशीच्या गटातील कीटकात पुढच्या टोकाचे काम मुख्यतः आईकडून आलेल्या ऑर्थोडेंटिकलच्या आरएनएवर चालते. बहुतेक प्राण्यांच्या भ्रूणांत पेशी पटलांनी विभागलेल्या असल्यामुळे मॉर्फोजेन पेशींच्या बाहेरून पसरतो आणि पेशीपटलावरील ग्राही त्याची नोंद घेतात. कोंबडीच्या पिल्लाच्या पंखातील बोटांची मांडणी ठरवणारे सॉनिक हेजहॉग हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पंखाच्या अंकुराच्या मागच्या कडेचा तुकडा पुढच्या कडेला लावल्यास बोटांचा जादा संच आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट क्रमाने उगवतो.